वडिलांच्या तपासणीसाठी किती तास मागावेत?

‘उद्या दोन तास उशिरा येतो, वडिलांना तपासणीला न्यायचंय.’ साहेब हो म्हणतात. पण साडेअकराला पुन्हा फोन करावा लागतो, ‘अजून एक तास लागेल.’ पहिल्या मागणीपेक्षा ही दुसरी मागणी ऑफिसला जास्त खटकते. ती टाळायची असेल, तर किती वेळ लागेल याचा हिशेब तपासणीच्या कागदावरून करावा.

समजा, वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि लघवीचा त्रासही आहे. डॉक्टरांनी उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली आहे. साडेसातला लॅबमध्ये पहिलं रक्त दिलं. इथे बरेच जण लगेच नाश्ता देतात आणि तिथेच दिवस बिघडतो. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि सोनोग्राफीत नीट दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी नाश्त्याआधीच उरकायची, वेळ घेतानाच तसं सांगायचं. मूत्राशय भरलेलं लागतं, त्यामुळे पाणी पिऊन थांबावं लागतं. प्रोस्टेटचा त्रास असेल, तर लघवी करून आल्यावर किती उरली हे पुन्हा पाहतात. इतक्यात नऊ वाजतात. मग नाश्ता. दुसरं रक्त नाश्त्याचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. घरी पोहोचवून ऑफिस गाठेपर्यंत साडेबारा होतात. रांगेसाठी अर्धा तास धरला, तर एकपर्यंतचा वेळ मागायला हवा.

सोबत माणूस का लागतो, तेही याच वेळापत्रकात दिसतं. उपाशी राहिलेल्या मधुमेह्याची साखर एकदम उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर तपासणी बाजूला ठेवून आधी साखर द्यायची. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

साहेबांना तीन-चार दिवस आधी असं लिहिता येईल: ‘सर, गुरुवारी वडिलांची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी आहे. दुसरा नमुना सव्वाअकराला द्यायचा आहे. मी दुपारी एकपर्यंत येईन. सकाळची बिलं बुधवारीच पूर्ण करतो. अर्धा दिवस किरकोळ रजा धरावी.’ आजाराचा सगळा इतिहास सांगायची गरज नाही, पण नुसतं ‘घरचं काम आहे’ असंही लिहू नये. वेळ का वाढवता येत नाही, हे त्यातून कळत नाही.

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानं-आस्थापनांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. न वापरलेली रजा वर्षअखेरीस बुडते. आईवडिलांच्या तपासणीसाठी वेगळी रजा त्यात नाही, म्हणून यातल्या दोन-तीन रजा वर्षाच्या सुरुवातीपासूनच राखून ठेवाव्यात. रिपोर्ट आणायला मात्र रजा घालवू नका. बऱ्याच लॅब तो मोबाइलवर पाठवतात.