तेच ताट, १४ ग्रॅम कमी

दूध, दही, पनीर सोडलेल्या माणसाला घरचे पहिला प्रश्न विचारतात, "मग प्रोटीन कुठून?" त्याचं उत्तर शब्दांत देण्यापेक्षा एका दिवसाचा हिशेब मांडून दाखवावा, म्हणून ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या एका बाईचा दिवस घेऊ.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे या बाईंना साधारण ४६ ग्रॅम. पण हा आकडा चांगल्या प्रतीच्या, सहज पचणाऱ्या प्रोटीनचा आहे. धान्य-कडधान्यातलं प्रोटीन थोडं कमी पचतं, त्यामुळे किलोमागे एक ग्रॅम धरलेलं बरं. आपलं लक्ष्य ५५ ग्रॅम.

मोजताना नियम एकच: धान्य आणि डाळ कोरडी असतानाच तोलायची. शिजल्यावर त्यात पाणी किती शिरलं हे ज्याच्या त्याच्या हातावर असतं, कोरडं वजन मात्र फसवत नाही.

सकाळी २०० मिली बिनसाखरेचं सोया दूध, ६ ग्रॅम. त्यासोबत ५० ग्रॅम पोहे आणि त्यात २० ग्रॅम शेंगदाणे. पोह्यांचे जेमतेम ४, दाण्यांचे मात्र ५. न्याहारीतच १५ झाले. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या, म्हणजे १० ग्रॅम. आणि ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, ८ ग्रॅम. बेरीज ३३. रात्री ६० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या ६, घट्ट टोफूची १०० ग्रॅम भाजी १३, २५ ग्रॅम तूरडाळीचं वरण ५, ४० ग्रॅम तांदळाचा भात ३. रात्रीचे २७, दिवसाचे ६०. भाजी-कोशिंबीर मोजलेलीच नाही.

लक्ष्याच्या वर पाच ग्रॅम आहेत, पण हे पाच हातातून निसटायला वेळ लागत नाही.

सोया दुधाऐवजी बदामाचं दूध आणलं तर पेला तसाच पांढरा दिसतो, पण त्यात बहुतेक पाणीच असतं. प्रोटीन एखादा ग्रॅम. पाच गेले. टोफू मऊ, दह्यासारखा निघाला तर १०० ग्रॅममध्ये १३ऐवजी ७च्या आसपास. सहा गेले. पाकिटावरचा आकडा वाचावा. तो नसेल तर तुकडे तव्यावर परतून बघावेत. घट्ट टोफू पनीरसारखा आकार धरतो, मऊ विरघळल्यासारखा पसरतो. शिवाय पाकिटातलं पाणी ओतून मगच तोलावा. आणि वरण? वाटी भरलेली दिसते, पण पातळ वरणाच्या वाटीत कधी कधी दहाच ग्रॅम डाळ असते. आणखी तीन गेले. ताट तेच, पोट तितकंच भरलेलं, आणि बेरीज ६० वरून ४६ वर. वजन आणि आकारमान यांवर विश्वास टाकण्याची आपली सवय इथे सर्वांत महाग पडते, असं मला वाटतं. मोड आलेल्या मटकीचंही तसंच. भिजून फुगलेली वाटी मोठी दिसते, पण प्रोटीन मूळच्या कोरड्या दाण्याइतकंच.

सोया दूध घरी करणाऱ्यांनी वेगळा आकडा धरावा. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवून, वाटून, गाळून साधारण एक लिटर दूध होतं. त्या दाण्यांत ३६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, पण काही भाग चोथ्यात राहतो, म्हणून १०० मिलीत अडीच-पावणेतीन ग्रॅमच धरावेत. चोथा थालीपिठात घालावा. दूध मात्र नीट उकळायलाच हवं: कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचवणाऱ्या रसाला अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेने निकामी होतो.

भाकरी-उसळ एकाच जेवणात हवी का, असंही विचारतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, कडधान्यात ते भरपूर. कडधान्यात कमी पडणारं मेथिओनिन धान्यातून येतं. दोन्ही दिवसभरात पोटात गेली की पुरे. सोयाबीन एकट्यानेही बरंच पूर्ण आहे. या सगळ्या आहारात बी-१२ मात्र नसतंच. ते गोळीतून घ्यावं लागतं. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

एखाद्या दिवशी टोफू मिळालाच नाही, तर किराणा दुकानातल्या सोया वड्या कामी येतात. २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत १३ ग्रॅम प्रोटीन असतं, अगदी त्या टोफूइतकं. फक्त भिजवण्याआधी तोलायच्या.