उकडलेलं, तळलेलं की तुपात परतलेलं?

अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केलेला अन्नघटकांचा तक्ता जगभर वापरला जातो. मोबाइलवरची कॅलरी मोजणारी अनेक ॲप्सही आपले आकडे त्यातूनच घेतात. त्यात अंड्याच्या तीन ओळी एकाखाली एक वाचल्या की माणूस बुचकळ्यात पडतो. १०० ग्रॅम उकडलेल्या अंड्यात १५५ कॅलरी, १०० ग्रॅम तळलेल्या अंड्यात १९६ आणि फेटून परतलेल्या, म्हणजे स्क्रॅम्बल केलेल्या अंड्यात १४९. (आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी; इथेही तोच बोलीतला अर्थ आहे.) तक्ता खरा मानला तर स्निग्ध पदार्थात परतलेलं अंडं नुसत्या पाण्यात उकडलेल्या अंड्यापेक्षा हलकं ठरतं. वजन कमी करायला निघालेल्या कुणी हे वाचलं, तर उद्यापासून तो निर्धास्तपणे तुपात अंडी परतायला लागेल.

आकडे चुकलेले नाहीत. आपण ते चुकीच्या पद्धतीने वाचतो. तो तक्ता १०० ग्रॅमचा आहे आणि आपण १०० ग्रॅम खात नाही, एक अंडं किंवा दोन अंडी खातो. तव्यावर अंड्यातलं पाणी वाफ होऊन उडतं. कवचाविना ५० ग्रॅम भरणारं अंडं तळल्यावर साधारण ४६ ग्रॅम उरतं. पाणी गेलं की उरलेला ऐवज दाट होतो आणि १०० ग्रॅममागचा आकडा फुगतो. स्क्रॅम्बलमध्ये उलट होतं. तिकडच्या पद्धतीत फेटताना दूध घालतात, त्यामुळे एका अंड्याचा पदार्थ ६१ ग्रॅम भरतो. दुधातलं पाणी वजन वाढवतं, कॅलरी फारशी वाढवत नाही, म्हणून १०० ग्रॅममागचा आकडा खाली येतो. आता तोच तक्ता एका अंड्यामागे वाचा: उकडलेलं ७८, तळलेलं ९०, स्क्रॅम्बल ९१. तळलेल्या आणि उकडलेल्या अंड्यातलं ४१ कॅलरींचं अंतर १२ वर आलं आणि परतलेलं अंडं आपल्या योग्य जागी जाऊन बसलं.

हे आकडे तिकडच्या मोठ्या अंड्यांचे आहेत. आपल्याकडे दुकानात मिळणारं अंडं कवचासकट ५५ ग्रॅमच्या आसपास भरतं. कवच म्हणजे त्याचा आठवा-नववा हिस्सा. ते वजा केलं तर खाण्याजोगा भाग ४८-४९ ग्रॅम उरतो आणि त्यात साधारण ७० कॅलरी असतात. त्यातल्या पन्नासएक एकट्या बलकातल्या, कारण अंड्यातली चरबी जवळजवळ सगळी तिथेच असते. उरलेल्या पांढऱ्या भागातून येतात आणि त्या बहुतांशी प्रथिनांच्या असतात.

अंडं शिजवल्याने या ७० मध्ये भर पडत नाही. आचेने प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, एकमेकींत अडकतात आणि पातळ द्रव घट्ट होतो; पण प्रथिनं तेवढीच राहतात आणि चरबीही तेवढीच. फरक पडतो तो पचनात. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन लहान आतड्यात पचलेलं दिसलं, तर कच्च्या अंड्यातलं जेमतेम ५१ टक्के. तेव्हा दुधात कच्चं अंडं घालून पिणाऱ्या पैलवानाला त्यातलं बरंचसं प्रथिन अंगी लागत नाही. तीन शिजवलेल्या प्रकारांची तुलना करताना मात्र हा मुद्दा बाजूला ठेवता येतो. तिन्हींत अंडं तेच, ७० कॅलरींचं. वर जे चढतं ते तेलाचं किंवा तुपाचं.

तेल आणि तूप यांतही कॅलरींच्या हिशेबाने फरक नाही म्हटलं तरी चालेल. दोन्ही जवळपास निव्वळ स्निग्ध आहेत, ग्रॅमला ९ कॅलरी धरा. तुपात संपृक्त चरबी जास्त असते आणि हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉलचा त्रास असलेल्यांनी त्याचा विचार वेगळा करायला हवा. पण तो प्रश्न कॅलरींचा नव्हे. मोजमापाचा सपाट चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. त्यात तेल किंवा पातळ तूप साडेचार ग्रॅम बसतं, म्हणजे ४० कॅलरी.

खरी मेख इथून पुढे आहे. तेल चमचा वाकडा केला की ओघळतं, त्यामुळे ते सपाट चमच्यापेक्षा जास्त घेताच येत नाही. तुपाचं तसं नाही. थंडीत थिजलेलं रवाळ तूप बरणीतून काढलं की चमच्यावर शीग येते. तो शिगोशीग चमचा वजनकाट्यावर ठेवून पाहा, सहज १० ते १२ ग्रॅम भरतो. त्यातून पोह्याचा चमचा असेल तर आणखी जास्त. घरात सगळे त्याला ‘चमचाभर तूप’ असंच म्हणतात. एकाच बरणीतलं, एकाच चमच्याने काढलेलं तूप एप्रिलमध्ये ४० कॅलरींचं आणि डिसेंबरमध्ये १०० कॅलरींचं असू शकतं.

दुसरा फरक तव्यावर घडतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तोच जास्त महत्त्वाचा आहे. हाफ फ्रायसाठी अंडं गरम तेलात फोडलं की खालचा थर क्षणात घट्ट होतो. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येत राहतं आणि तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. तेल मुख्यतः खालच्या बाजूला आणि कडेच्या कुरकुरीत जाळीला चिकटतं. जितकी जाळी मोठी, तितकं चिकटलेलं तेल जास्त. बाकीचं तव्यातच राहतं. उलथन्यावर अंडं उचलून दोन-चार सेकंद तव्यावर तिरकं धरलं, तर आणखी थोडं निथळून खाली येतं.

फेटलेल्या अंड्याची गोष्ट निराळी. बलकात लेसिथिन नावाचा घटक असतो, जो चरबी आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवतो. मेयोनीज त्याच्याच जोरावर फाटत नाही. मंद आचेवर तुपात फेटलेली अंडी ओतून उलथन्याने हलवत राहिलं की मऊ गोळे बनत जातात आणि तूप त्या गोळ्यांमध्ये सामावतं. तवा जवळजवळ कोरडा राहतो. घातलं तेवढं सगळं ताटात येतं. आच मोठी ठेवली किंवा जास्त वेळ परतलं, तर गोळे आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात, त्याबरोबर थोडं तूपही सुटतं. ताट गार झाल्यावर कडेला पिवळसर पांढरा पापुद्रा धरलेला दिसतो, तो त्या तुपाचा. पण पोळीने तो पुसून खाल्ला, तर हिशेबात काहीच फरक पडत नाही.

आता एक हिशेब पूर्ण करून पाहू. दोन अंडी, कवचासकट ११० ग्रॅम, कवच काढल्यावर ९७ ग्रॅम. अंड्यांच्या कॅलरी १४०. उकडली तर १४० वरच थांबलो. तळण्यासाठी दोन सपाट चमचे, म्हणजे ९ ग्रॅम तेल घेतलं आणि त्यातलं ४ ग्रॅम तव्यात उरलं, तर पोटात ५ ग्रॅम गेलं. त्याच्या ४५ मिळवून १८५ झाल्या. तुपाचा एक शिगोशीग चमचा १२ ग्रॅमचा धरला आणि तव्याला जेमतेम एक ग्रॅम चिकटलं, तर ११ ग्रॅमच्या ९९ कॅलरी; बेरीज २३९. हीच अंडी एका सपाट चमचा पातळ तुपात परतली असती, तर सगळं तूप पोटात जाऊनही आकडा १८० झाला असता, म्हणजे तळलेल्यापेक्षा कमी. फेटताना गायीचं दूध दोन मोठे चमचे घातलं तर त्यात वीसएक कॅलरी वाढतील, म्हशीचं सायीचं असेल तर तीस.

या उदाहरणातलं तव्यात उरलेलं तेल मी ४ ग्रॅम धरलं आहे. तुमच्या तव्यावर ते वेगळं असेल. नॉनस्टिकवर मुळात तेलच कमी लागतं. बिडाचा तवा नीट मुरलेला नसेल किंवा पुरेसा तापलेला नसेल तर अंडं चिकटतं, आणि चिकटलं की हात हमखास पुन्हा तेलाच्या बरणीकडे जातो. हे दुसऱ्यांदा घातलेलं तेल कुणीच मोजत नाही.

घरी मोजायचं तर एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. बरणी आधी आणि नंतर काट्यावर ठेवा. फरक म्हणजे घेतलेलं तेल. तळून झाल्यावर तवा कोमट होऊ द्या, वजन केलेल्या कागदी रुमालाने तो आणि उलथनं पुसून घ्या आणि रुमालाचं वजन पुन्हा करा. वाढलेलं वजन म्हणजे मागे उरलेलं तेल. तवाच काट्यावर ठेवण्याच्या फंदात पडू नका. गरम तव्याने काटा बिघडतो आणि तव्याला चिकटलेले अंड्याचे कण तेलाच्या हिशेबात मिसळतात. अशा मोजणीत एक ग्रॅमची चूक म्हणजे ९ कॅलरींची चूक, तेवढी चालून जाते.

बाहेरच्या बुर्जीला यातलं काहीच लागू होत नाही. कांदा-टोमॅटो परतायला तेल, वरून लोणी, आणि पाव भाजायला पुन्हा लोणी. तिथे अंड्यांच्या १४० कॅलरी हा ताटातला लहान भाग असतो.

बलक टाकून नुसता पांढरा भाग खाणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. एक बलक काढला की पन्नासएक कॅलरी वाचतात, पण त्याबरोबर अंड्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व, कोलीन आणि लोहाचा बहुतेक साठाही जातो. मग कोरडा लागतो म्हणून तोच पांढरा भाग शिगोशीग तुपात परतला, तर वाचवलेल्याच्या दुप्पट कॅलरी परत आल्या. कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टरांनी बलक बंद केला असेल तर त्यांचं ऐका. नाही तर पूर्ण अंडं खा आणि तूप पातळ करून सपाट चमच्याने घ्या.