डिकॅफमध्ये उरतं किती, आणि बाकीचं येतं कुठून?

२००६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दुकानांतली डिकॅफ कॉफी प्रयोगशाळेत तपासली. सुमारे अर्ध्या लिटरच्या मोठ्या पेल्यात १४ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन निघालं. एका इन्स्टंट प्रकारात मात्र ते सापडलंच नाही. तेवढ्याच साध्या कॉफीत याच्या दहापटीहून जास्त कॅफीन असतं.

हे कॅफीन उरतं कारण ते भाजण्यापूर्वीच्या हिरव्या बियांतून काढावं लागतं. बिया वाफेने फुगवतात आणि पाणी, द्रावक किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरून कॅफीन ओढून घेतात. शेवटचा अंश काढत बसलं तर चवही निघून जाते, म्हणून बहुतेक उत्पादक ९७ टक्के किंवा थोडं जास्त काढून थांबतात. युरोपात भाजलेल्या डिकॅफ कॉफीत वजनाच्या ०.१ टक्क्यापर्यंत कॅफीन चालतं. म्हणजे १० ग्रॅम पूड वापरलेल्या कपात फार तर १० मिलिग्रॅम.

हा हिशोब फारसा भीतीदायक नाही. घोटाळा होतो तो इतर पदार्थांमुळे.

समजा, डॉक्टरांनी कॅफीन कमी करायला सांगितलेल्या एका बाईंनी दिवसभरात डिकॅफचे तीन कप घेतले. कपाला ५ मिलिग्रॅम धरले तर झाले १५. दुपारी त्यांनी माचा लाटे घेतलं. माचा गाळत नाहीत, चहाच्या पानाची सगळी पूडच पोटात जाते. २ ग्रॅम पुडीतून सुमारे ६० मिलिग्रॅम मिळतात. संध्याकाळी ‘नैसर्गिक ऊर्जे’ची गोळी घेतली, तिच्यात १ ग्रॅम ग्वाराना. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या या वेलीच्या बियांत कॅफीन कॉफीच्या बियांहून जास्त असतं. ४ टक्के धरलं तर ४० मिलिग्रॅम. बेरीज ११५, म्हणजे नेहमीच्या एका कप कॉफीहून जास्त. डिकॅफचा वाटा त्यात जेमतेम आठवा हिस्सा.

येर्बा माते हा दक्षिण अमेरिकेतला पाला. त्याच्या टी-बॅगचा एक कप सौम्य असतो. अर्जेंटिनात मात्र भोपळ्याच्या पात्रात पाला भरून त्यावर पुन्हा पुन्हा गरम पाणी ओततात आणि नळीने पितात. ५० ग्रॅम पाल्यात १ टक्का कॅफीन धरलं तरी ५०० मिलिग्रॅम होतात. त्यातलं अर्धंच उतरलं तरी दोन कप कॉफीची भरपाई होते. ‘मातेईन’ किंवा ‘ग्वारानीन’ या नावाखाली विकलं जातं तेही रासायनिकदृष्ट्या कॅफीनच.

अमेरिकेत वेष्टनावर कॅफीनचं प्रमाण छापणं बंधनकारक नाही. ग्वाराना घातलं असेल तर घटकांच्या यादीत फक्त त्याचं नाव दिसू शकतं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या मते निरोगी प्रौढांनी दिवसाला ४०० आणि गर्भवतींनी २०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅफीन घ्यावं. म्हणून गरोदर स्त्रियांनी आणि झोपेचा त्रास असलेल्यांनी वेष्टनावरचा ‘कॅफीन’ हा एकच शब्द न शोधता ग्वाराना, माचा आणि माते ही नावंही वाचावीत, आणि प्रमाण दिलेलं नसेल तर ते उत्पादन टाळावं.