जुन्या कपाटातली पिवळी बाटली

दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत ओळखीतल्या एका सूनबाईंचा फोन आला. सासरे पॅथॉलॉजिस्ट होते. घराच्या तळमजल्यावर त्यांनी चाळीस वर्षं लॅब चालवली, आणि ते गेल्यावर ती खोली तशीच बंद होती. आता जागा भाड्याने द्यायची होती. "काका, काचेच्या बाटल्या भंगारवाला न्यायला तयार आहे. एका बाटलीवर पिक्रिक अ‍ॅसिड लिहिलंय. अ‍ॅसिड म्हणजे जपून ओतायचं ना?"

मी त्यांना म्हटलं, ओतायचं नाही, उचलायचंही नाही. कपाटाचं दार आहे तसंच उघडं ठेवा, दोन पावलं मागे या आणि मोबाइलवर झूम करून फोटो पाठवा.

आपल्या मंडळातल्या किती तरी घरांत डॉक्टर, केमिस्ट, रसायनशास्त्राचे प्राध्यापक होऊन गेले. कुणाची लॅब, कुणाचं रंगाचं दुकान, कुणाच्या ट्रस्टची जुनी शाळा. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पिक्रिक अ‍ॅसिड हे पिवळ्याधमक स्फटिकांचं रसायन. लेबलवर कधी ट्रायनायट्रोफिनॉल असंही लिहिलेलं असतं. एके काळी त्याने रेशीम रंगवत. लॅबमध्ये ते रक्तातलं क्रिएटिनिन मोजायला, लघवीतली प्रथिनं तपासायला आणि बायॉप्सीचा तुकडा टिकवायच्या बुइनच्या द्रावणात लागतं. म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या कपाटात ते असणं अगदी साहजिक होतं. पण हेच रसायन ब्रिटिशांनी 'लिडाइट' या नावाने तोफगोळ्यांत भरलं होतं, आणि त्याची ताकद टीएनटीच्या तोडीची आहे. आपल्याकडच्या 1884च्या स्फोटक कायद्यातही त्याचं नाव घेऊन उल्लेख आहे.

मग ते दुकानात कसं मिळतं? ओलं करून. बाटलीत वजनाच्या किमान 30 टक्के पाणी घालूनच ते विकतात. पाणी असेपर्यंत स्फटिक एकमेकांवर कोरडे घासले जात नाहीत आणि निर्माण झालेली उष्णता पाणी शोषून घेतं, त्यामुळे ते नुसतं पेट घेऊ शकणारं घन रसायन ठरतं. पाणी त्या प्रमाणाखाली गेलं की वाहतुकीच्या नियमांतही त्याची गणना थेट स्फोटकांत होते. झाकण थोडं जरी सैल असलं, तरी माळव्यातले तीस-चाळीस उन्हाळे ते पाणी उडवायला पुरेसे आहेत.

फोटो आले. तपकिरी काचेची 100 ग्रॅमची बाटली, काळं बेकेलाइटचं झाकण, लेबलवर हाताने लिहिलेली 1987ची तारीख. काचेतून दिसणारा ऐवज तळाशी ओल्या लगद्यासारखा बसलेला नव्हता. एका बाजूला कोरड्या ढेपळासारखा चिकटला होता. आतल्या काचेवर पाण्याचा एकही थेंब नव्हता. झाकणाच्या खाली, बाटलीच्या मानेभोवती, बारीक पिवळी रेघ होती. बाटलीखालच्या लोखंडी फळीवरही पिवळा डाग पडला होता.

या चारही खुणांमध्ये मला सर्वांत जास्त भीती वाटली ती मानेवरच्या रेघेची. झाकणाच्या आट्यांमध्ये कोरडे स्फटिक अडकलेले असले, तर झाकण फिरवणं म्हणजे ते दोन पृष्ठभागांमध्ये दाबून घासणं. बाटली शांत उभी असते तेव्हा सहसा काही होत नाही, म्हणून तर ती इतकी वर्षं तिथे होती. धोका फिरवण्याच्या, आपटण्याच्या, घासण्याच्या त्या क्षणाला असतो. आत पाणी खळखळतं का, हे बघायला बाटली हलवणं ही सगळ्यांना सुचणारी परीक्षा आहे, आणि नेमकी तीच करायची नाही.

दुसरी गोष्ट धातूची. पिक्रिक अ‍ॅसिड तांबं, शिसं, लोखंड, जस्त यांच्याशी संयोग पावून पिक्रेट नावाचे क्षार बनवतं, आणि त्यांतले काही मूळ रसायनापेक्षा फारच हळवे असतात. 1887मध्ये मँचेस्टरच्या एका रंगाच्या कारखान्याला आग लागली. वितळलेलं पिक्रिक अ‍ॅसिड वाहत जाऊन शिशाच्या ऑक्साइडला भिडलं आणि मोठा स्फोट झाला. तोवर बरेच लोक त्याला निरुपद्रवी रंगच समजत होते. म्हणून बाटलीला पत्र्याचं झाकण असेल तर ती अधिक धोक्याची समजावी, फळीवरचा डाग खरवडू नये, आणि हे रसायन सिंकमध्ये ओतू नये. जुन्या इमारतींच्या नळ्यांत शिसं-तांबं असतंच.

सूनबाईंना मी विचारलं, भंगारवाला कुठे आहे? दारातच उभा होता! त्याला परत पाठवलं. खोली बंद केली, वरच्या मजल्यावरच्या मंडळींना बाहेर काढलं, आणि 112 वर फोन लावला. फोनवर काय सांगायचं ते मी लिहून दिलं होतं: रसायनाचं नाव, 100 ग्रॅम, कोरडं दिसतं, मानेवर स्फटिक आहेत, कुणी हात लावलेला नाही. नुसतं "जुनं केमिकल सापडलं" म्हटलं असतं तर कदाचित साधा हवालदार येऊन बाटली उचलून बघता. पोलिसांचं बॉम्ब शोधक व नाशक पथक आलं, आजूबाजूची घरं रिकामी केली, बाटली आपल्या पद्धतीने नेली आणि गावाबाहेर मोकळ्या जागेत नष्ट केली. शंभर ग्रॅम ऐकायला कमी वाटतं, पण हातबॉम्बात साधारण तेवढंच स्फोटक असतं.

काही वेळा जाणकार अशी बाटली न उघडता आधी पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे आट्यांमधून पाणी आत झिरपतं, आणि मग दुरून उघडतात. हे वाचून कुणी घरी बादली भरू नये. बादलीपर्यंत नेण्यासाठीसुद्धा बाटली उचलावी लागतेच.

लगदा स्पष्ट ओला दिसतोय, झाकण प्लास्टिकचं आणि मान स्वच्छ आहे, तर प्रशिक्षित रसायनतज्ज्ञ ती हाताळू शकतो. पण गडद काचेतून ओलं-कोरडं नीट कळत नाही. शंका आली की कोरडंच धरावं. चालू लॅबमध्ये सोपा उपाय आहे: नवी बाटली आल्या दिवशी तिचं वजन लेबलवर लिहायचं, दर सहा महिन्यांनी पुन्हा वजन करायचं, आणि जितकं कमी भरेल तितकं ऊर्ध्वपातित पाणी घालायचं. दहा मिनिटांचं काम, पण नोंदवही कुणाच्या नावावर नसली की ते राहूनच जातं.

त्या कपाटात ईथरचीही एक अर्धी बाटली निघाली. हवा आणि उजेड लागून ईथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात; द्रव उडून गेला की ते तळाशी किंवा बुचाभोवती साठतात. तिथे पांढरे स्फटिक दिसले तर नियम तोच, बूच फिरवायचं नाही. पथकाला ती बाटलीही दाखवली.

शाळा-कॉलेजच्या विश्वस्तांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं. बारावीच्या प्रात्यक्षिकात अल्डिहाइड-कीटोन ओळखायला 2,4-डीएनपी वापरतात. तेही ओलं ठेवायचं रसायन आहे. 2016मध्ये ब्रिटनमधल्या शेकडो शाळांत त्याच्या जुन्या बाटल्यांसाठी लष्कराचं बॉम्बपथक बोलवावं लागलं होतं. आणि चांदीचा आरसा दाखवणारं टॉलेन्सचं द्रावण तर साठवायचंच नसतं. ठेवलं की त्यात स्फोटक काळा साका तयार होतो. तास संपण्यापूर्वी त्यात सौम्य आम्ल घालून ते संपवायचं, हे प्रयोगशाळा सहायकाला विचारून घ्या.