लेझर दृष्टिशस्त्रक्रिया व चष्मा : दीर्घकालीन खर्चाची तुलना

लॅसिक ही लेझरने पारपटलाचा आकार बदलून चष्म्याचा क्रमांक घालवणारी शस्त्रक्रिया आहे. तिचा मुख्य खर्च एकदाच होतो. चष्मा व कॉन्टॅक्ट लेन्स यांचा खर्च मात्र चालू राहतो.

उदाहरणादाखल, शस्त्रक्रियेस ८०,००० रुपये, दर दोन वर्षांनी नव्या चष्म्यास ५,००० रुपये आणि लेन्स व द्रावणास वर्षाला १०,००० रुपये लागतात असे मानू. शस्त्रक्रियेचा खर्च लेन्सच्या तुलनेत ८ वर्षांत भरून निघतो. चष्म्याच्या तुलनेत त्यास ३२ वर्षे लागतात. पंचविशीत शस्त्रक्रिया करणाऱ्यास त्याआधीच, चाळिशीनंतर, वाचनासाठी चष्मा लागू शकतो. उणे २ क्रमांकाची व्यक्ती त्या वयात चष्मा काढून वाचू शकते. शस्त्रक्रियेनंतर ही सोय बहुधा उरत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या भेटी पहिल्या काही महिन्यांत एकवटलेल्या असतात, तर लेन्स वापरणाऱ्यांना साधारणतः दरवर्षी तपासणी करावी लागते. तथापि उणे क्रमांक मोठा असल्यास नेत्रगोलाची वाढलेली लांबी शस्त्रक्रियेनंतरही तशीच राहते. त्यामुळे दृष्टिपटल फाटण्याचा धोका टळत नाही आणि त्याची नियमित तपासणी सुरूच ठेवावी लागते.