सोबत जोडलं आहे

ईमेलमधून सांगितलेल्या कथेत निवेदक नसतो. ‘तिला वाईट वाटलं’ हे सांगायला कोणी नाही. वाचकाने ते मजकुरावरून ओळखायचं. पत्रांतून गोष्ट सांगणं मराठीला नवं नाही. वामन मल्हार जोशी यांची ‘इंदू काळे व सरला भोळे’ ही कादंबरी पत्ररूपच आहे. पण ईमेल क्षणात पोचते, तिच्यावर वेळेची नोंद असते आणि तिची प्रत त्याच वेळी तिसऱ्या माणसालाही जाते. दोन सहकाऱ्यांमधल्या गैरसमजाची कथा याच तीन गोष्टींवर उभी राहते. ती कशी, हे पाहायला एक छोटी कथाच रचून बघू.

नाशिकच्या गोदामात देशमुख आहेत, पुण्याच्या कार्यालयात हिशेब पाहणारी मीनल आहे. ४ एप्रिलला संध्याकाळी ६.५२ वाजता देशमुख लिहितात : ‘मीनल, मार्चअखेरचा साठ्याचा तक्ता सोबत जोडला आहे. घाईत पाठवतोय, काही राहिलं असेल तर सांग.’ राहिलेला असतो तो तक्ताच. फाईल जोडायची ते विसरले आहेत.

७ तारखेला सकाळी मीनल लिहिते : ‘देशमुख सर, मार्चचा तक्ता अजून मिळालेला नाही. आज मिळाला तर बरं होईल.’ या मेलची प्रत साहेबांना आहे. अकरा मिनिटांत उत्तर येतं, तेही साहेबांना प्रत ठेवून : ‘मॅडम, तक्ता ४ तारखेलाच पाठवला आहे. कृपया आपली मेल तपासावी.’

देशमुख चिडले आहेत असं कुठेही लिहिलेलं नाही. पण ‘मीनल’ची ‘मॅडम’ झाली, ‘सांग’च्या जागी ‘तपासावी’ आलं आणि अकरा मिनिटांची घाई दिसली. मराठी लेखकाच्या हाती हे मोठं साधन आहे : ‘तू’पासून ‘आपण’पर्यंतच्या पायऱ्यांवर नातं किती गार पडलं ते मोजता येतं.

इथे दोघंही खरं बोलत आहेत, हे महत्त्वाचं. मीनलला म्हणायचं आहे, मेल आली पण आत तक्ता नाही. देशमुखांना वाटतं, आपण पाठवलंच नाही असं ती साहेबांसमोर म्हणते आहे. पाठवलेल्या मेलच्या यादीत त्यांची मेल दिसते, म्हणून त्यांची खात्री आणखी पक्की होते. एकाला खोटारडं केलं की ते भांडण होतं, गैरसमज उरत नाही.

असे घोटाळे का होतात, याचा अंदाज जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून येतो. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं, आपण उपरोधाने बोलतोय की गंभीरपणे, हे समोरच्याला शंभरातल्या साधारण ७८ वेळा कळेल. प्रत्यक्षात ते साधारण ५६ वेळाच कळलं. लिहिताना आपला सूर आपल्याच कानात घुमत असतो. वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही.

आता उकल. तिच्या दोन गाठी आहेत आणि त्या एकदम सोडवायच्या नाहीत. पहिली वस्तुस्थितीची. मीनल ८ तारखेला लिहिते : ‘सर, तुमची ४ तारखेची मेल मिळाली होती, तिच्यात फाईल नव्हती. तीच मेल परत पाठवतेय.’ उत्तरात तक्ता येतो, पण मायना नाही, नावही नाही. काम झालं, मन दुखावलेलंच राहिलं.

दुसरी गाठ मनाची. दुसऱ्या दिवशी देशमुखांची मेल येते : ‘फाईल राहिली ही चूक माझीच. पण साहेबांना कळवण्याआधी मला एकदा विचारायचंस.’ या मेलवर साहेबांचं नाव नाही. ते गळलेलं नाव हाच कथेचा वळणबिंदू. मीनल कळवते : ‘ऑडिट संपेपर्यंत प्रत्येक मेलची प्रत साहेबांनी मागितली आहे. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. माझ्याकडून राहून गेलं.’ त्यांच्याकडून फाईल राहिली, तिच्याकडून एक ओळ.

अशा कथा फसतात त्या बहुधा दोन ठिकाणी. एक, दोघांनाही ठाऊक असलेली माहिती केवळ वाचकासाठी मेलमध्ये कोंबली जाते. दोन, ‘मग फोन का नाही केला?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. आपल्या कथेत ते एका वाक्यात देता येईल : साठ्याची मोजणी चालू असल्याने देशमुखांचा फोन दिवसभर गोदामाबाहेर ठेवलेला असतो.

शेवटची मेल मे महिन्यातली. ‘मीनल, एप्रिलचा तक्ता जोडला आहे. या वेळी दोनदा पाहिलं.’ खाली फाईल आहे. ‘क्षमस्व’ असं कोणी म्हणत नाही, त्याची गरजही नाही.

अशी कथा लिहायला बसलात, तर समेटाची मेल आधी लिहू नका. पहिल्या मेलमधून काय राहून गेलं, ते आधी ठरवा.