कारल्याचा रस, मेथी आणि वीस चिठ्ठ्या

कंधारच्या भुईकोट किल्ल्याच्या बाजूला सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत शुगरचा विषय निघाला की औषधं सांगणाऱ्यांची कमी नसते. सुश्रुतसंहितेपासून मधुमेहाचं वर्णन सापडतं. जांभळाच्या बिया, गुडमार, विजयसाराचा पेला, कडुनिंब ही नावं तर घरोघरी पाठ आहेत. त्यांचा इतिहास मी इथेच आवरतो. मला कित्येक वर्षं नादावलंय ते एका प्रश्नानं: आकडा उतरला, तो त्या औषधानंच उतरला हे ओळखायचं कसं?

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. उपाशीपोटीची शुगर २१२ आली, त्याच दिवशी त्यांनी कारल्याचा रस सुरू केला. तीन आठवड्यांनी १५८. "पळाली बघा शुगर," म्हणाले. पण २१२ आली तो काळ लग्नसराईचा होता. माणूस उपाय सुरू करतो तो नेमका आकडा चढलेला असताना, आणि चढलेला आकडा पुष्कळदा आपोआपही उतरतो. त्यात रस घ्यायचा म्हणून गुरुजींचा सकाळचा गोड चहा सुटला होता. शिवाय चांगला ग्लुकोमीटरही १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतो. म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

गुरुजी गणिताचे. त्यांना हे पटलं आणि त्यांनी पडताळणीची सुरुवात मेथीपासून केली. मेथीची निवड योग्य होती. तिच्या दाण्यातला चिकट तंतू पोटात बुळबुळीत होतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश जाते. हा परिणाम बराचसा त्याच जेवणापुरता असल्यानं दिवस बदलून पडताळता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये असाच प्रयोग छापला. त्याच रुग्णांना काही दिवस मेथीचा आणि काही दिवस बिनमेथीचा आहार दिला; मेथीच्या दिवसांत उपाशीपोटीची शुगर आणि लघवीतली साखर दोन्ही उतरली. मात्र तिथली मात्रा होती रोज १०० ग्रॅम, तेल काढलेली पूड. रात्री भिजवलेला चमचाभर मेथीदाणा म्हणजे ती मात्रा नव्हे, हे सांगणारा मला क्वचितच भेटला.

गुरुजींनी डॉक्टरांना सांगून १० ग्रॅम पूड ठरवली, काट्यावर मोजून. डब्यात वीस चिठ्ठ्या टाकल्या, दहांवर 'मेथी', दहांवर 'पाणी'. सकाळी चिठ्ठी निघेल तसं पेलाभर पाण्यात पूड किंवा नुसतं पाणी. मनानं दिवस निवडला तर दगदगीच्या दिवशी मेथी नको असं होतंच, म्हणून चिठ्ठी. न्याहारी रोज तीच: ज्वारीची एक भाकरी आणि वाटीभर वरण. गोळी नेहमीच्याच वेळी. हात साबणानं धुऊन, पुसून, न्याहारीआधी एक आकडा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरा. लिहून ठेवायची ती दोन्हींतली वाढ. बोटाला गुळाचा अंश राहिला तरी आकडा भलताच चढतो, म्हणून हात धुण्यावर त्यांचा कटाक्ष.

वीस दिवसांनी पाण्याच्या दिवसांची सरासरी वाढ ७४ आली, मेथीच्या दिवसांची ५२. पण पाण्याचा एखादा दिवस ४८ चा होता आणि मेथीचा एखादा ८३ चा. मग हे नशीब तर नव्हे? इथली युक्ती मला सगळ्यात आवडते. विसाच्या वीस वाढी चिठ्ठ्यांवर लिहायच्या, कालवायच्या, डोळे मिटून दहा-दहाचे दोन ढीग करायचे आणि सरासरीतला फरक काढायचा. गुरुजींनी नातवाला बसवून हे शंभर वेळा केलं. २२ किंवा त्याहून मोठा फरक एकदाच आला. म्हणजे त्यांच्या न्याहारीपुरती मेथी काम करत होती. उपाशीपोटीची शुगर किंवा तीन महिन्यांची सरासरी सुधारली असा दावा यातून करता येत नाही.

कारल्याला असं रोज चिठ्ठी काढून चालत नाही, कारण त्याचा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळू शकतो. म्हणून दोन आठवडे रस, दोन आठवडे बंद, पुन्हा तसंच, आणि प्रत्येक टप्प्याचे पहिले चार दिवस हिशेबातून वगळायचे. सकाळचा चहा चारही टप्प्यांत बिनसाखरेचा. गुरुजींच्या चार सरासऱ्या १४६, १४८, १४३, १४५. रसानं काही हललं नाही. फिलिपाइन्समध्ये २००७ साली छापलेल्या चाचणीत चाळीस रुग्णांना तीन महिने कारल्याच्या किंवा हुबेहूब दिसणाऱ्या, औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या होत्या. तिथेही तीन महिन्यांच्या सरासरीत खात्रीचा फरक दिसला नाही.

घरी पडताळणार असाल तर गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना आधी सांगा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीसोबत असे उपाय केले तर शुगर फार खाली जाऊ शकते. ७० च्या खाली आली तर लगेच साखर खा आणि प्रयोग थांबवा. दुधीचा रस कडू लागला तर थुंकून टाका, तो विषारी असतो. आणि ज्या पुडीवर घटक छापलेले नाहीत, ती घेऊ नका. अशा पुड्यांत इंग्रजी गोळ्या कुटून मिसळलेल्या सापडल्या आहेत.